बारावीला चारही विषय आहेत, नीटवर जोर देऊ की इंजिनिअरिंगवर?

गोदाकाठची: नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातली. फिजिक्स, केमिस्ट्रीसोबत मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतलंय, पण आता दोन्ही झेपत नाहीत. आई डॉक्टर हो म्हणते, दादा इंजिनिअरिंग म्हणतो. शेती कोरडवाहू, लातूरचे क्लास परवडणार नाहीत. काय करू?

रानवारा: मॅथ्स धर. बायो घेऊन नीट हुकली की हातात काहीच उरत नाही.

सावळी: मी दहावीनंतर आर्ट्स घेतलं, घरचे लई बोलले. आज स्पर्धा परीक्षा देतेय. आर्ट्सचाही विचार कर.

रानवारा: ताई, ती बारावीला आहे.

शिकवणारा: रानवारा, अर्धं बरोबर आहे. बीएएमएस, बीएचएमएसलाही नीटच लागते. पण बीफार्म आणि बीएस्सी ॲग्री सीईटीवर होतात आणि दोन्हींना मॅथ्स किंवा बायो, कुठलाही ग्रुप चालतो. परभणीचं कृषी विद्यापीठ तर तुझ्या जिल्ह्यातच आहे, पोरी.

आता मुद्द्याचं. नीटच्या 720 पैकी 360 गुण बायोचे. सीईटीच्या 200 पैकी 100 मॅथ्सचे. म्हणजे निम्मी परीक्षा त्या एका विषयावर. दोन्हींचा एकेक जुना पेपर वेळ लावून सोडव. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिही: येत नव्हता, घाई झाली की अंदाजाने टिक केला. मग सांग.

गोदाकाठची: सोडवले. बायोत 90 पैकी 70 बरोबर, 15 चूक. मॅथ्समध्ये 50 पैकी 24 बरोबर, 12 ला वेळच उरला नाही. नीटच्या फिजिक्समध्ये 45 पैकी 14 बरोबर, 20 चूक, बहुतेक अंदाजाने.

शिकवणारा: बायो 265 झाले, चांगले आहेत. मॅथ्सचे 48, पण 12 प्रश्न हातच न लागलेले, तिथे सरावाने गुण वाढू शकतात. खरं दुखणं फिजिक्सचं. 14 बरोबरचे 56, त्यातून 20 चुकीचे वजा, उरले 36. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे हे कमी बोचेल, पण फिजिक्स तिथेही आहेच. मॅथ्स की बायो, काहीही धरलंस तरी ते सुटत नाही. आधी महिनाभर फिजिक्स कर, मग हेच पेपर पुन्हा सोडव. सीईटीचा फॉर्म दोन्ही ग्रुपचा भरता येतो, आत्ताच एक दार लावू नकोस.

सावळी: फीचं आईला सांग. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून हवा. मेस आणि खोलीचं भाडं त्यात येत नाही.

गोदाकाठची: हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण नीट नाही लागली तर आई रिपीट कर म्हणणार. करावं का?

रानवारा: वर्ष वाया जातं.

शिकवणारा: सगळ्यांचं जात नाही. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलेल्यांना फायदा झालेला मी पाहिलाय. फिजिक्स 36 वर असताना मात्र आत्ताच ठरवू नये.