मदत हवी आहे: ॲपमधले एरर मेसेज मजेशीर ठेवायचेत, पण लोक चिडतायत

तिखटमीठ:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या ॲपमध्ये एरर आल्यावर दिसणारे मेसेज आणि रिकाम्या पानांवरचा मजकूर मी लिहिलाय. सगळं मराठीत, जरा खुसखुशीत. साहेबांना भयंकर आवडलं. आता प्ले स्टोअरवर एकेक स्टार पडतोय आणि खाली लिहितात, "थट्टा करताय का?" परवा नवीन व्हर्जन जातंय. कोणाला टोचणार नाहीत अशा दहाबारा ओळी सुचवा. सध्याचे असे आहेत:

एरर: "अरेच्चा! 🙈🙈🙈 तुमचा डबा लोकलमध्ये अडकला!" बटण: "बरं, थांबतो"
रिकामं पान: "इथे काहीच नाही. भूक लागली नाही वाटतं?"

"गंमत नकोच" असं कृपया सांगू नका. तो निर्णय झालेला आहे.

वडापाव समीक्षक:
"सर्व्हर चहाला गेलाय, टपरीवर शोधतोय."
"आमचं गणित चुकलं, मास्तर छडी शोधतायत."
"मेगाब्लॉक! पुढील सूचना मिळेपर्यंत स्लो ट्रॅकवरून."
अजून हवेत का? रात्री बसून पन्नास देतो.

नीरजा:
ॲप कसलं आहे? हा मेसेज कुठल्या पानावर येतो आणि नेमकं काय बिघडल्यावर? ते कळल्याशिवाय ओळी सुचवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

तिखटमीठ:
डब्याचं ॲप आहे, सांगायचं राहिलं. घरगुती जेवण ऑफिसवाल्यांना. बीकेसी, लोअर परळ, अंधेरीचा पट्टा. आणि एरर म्हणजे एरर हो, काहीही बिघडलं की येते. @वडापाव, मेगाब्लॉक मस्त!

हेल्पलाइनवाली:
थांबा. डब्याचं ॲप आणि मेसेज "डबा लोकलमध्ये अडकला"? मी चार वर्षं अशाच एका डिलिव्हरीवाल्यांच्या कॉल सेंटरला होते. लोक हे वाचून फोन करणार आणि विचारणार, "कुठल्या स्टेशनला अडकलाय? मी माणूस पाठवू का घ्यायला?" मुंबईत डबा खरोखर लोकलने जातो, त्यामुळे हा विनोद आहे हे कळायला मार्गच नाही. तुमच्या कस्टमर केअरला विचारा, असे फोन आलेत का.

तिखटमीठ:
विचारलं. आलेत. एका बाईंनी दादर स्टेशनवर डबेवाल्याला गाठून विचारलं म्हणे. 😐

गिरगावकर काका:
माझे परवा वीजबिल भरताना यूपीआयवरून पैसे गेले आणि बिल मात्र तसंच आहे. हा धागा त्याच विषयावर दिसतो. कुणाकडे तक्रार करावी?

वडापाव समीक्षक:
काका, २४ तासांत आपोआप परत येतात. निवांत राहा.

नीरजा:
सगळे २४ तासांत येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला पैसे भरले, खात्यातून गेले, पण समोर पोचल्याची नोंद झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार आधी ज्या ॲपमधून पैसे भरले तिथेच करा. व्यवहार उघडलात की १२ आकडी नंबर दिसेल, तो जपून ठेवा.

आता @तिखटमीठ, काकांमुळे विचारते. पैसे भरल्यावर लगेच तुमचा तो मेसेज येतो का?

तिखटमीठ:
बहुतेक वेळा तेव्हाच. दुपारच्या ऑर्डरी लोक सकाळी येताना मेट्रो ३ मधून करतात, भुयारात रेंज जाते. पैसे कटतात, मेसेज येतो. मग ते "माझ्या ऑर्डरी" उघडतात तर पान रिकामं. पण तो टेक्निकल भाग झाला, माझा प्रश्न भाषेचा आहे.

हेल्पलाइनवाली:
म्हणजे १४० रुपये गेलेत, डबा येणार की नाही माहीत नाही, आणि ॲप विचारतंय "भूक लागली नाही वाटतं?" एक स्टार दिला म्हणजे माणसं सभ्य आहेत.

नीरजा:
रिकाम्या पानाचा कोड डेव्हलपरकडून मागवता का? ऑर्डरींची यादी आणणाऱ्या चार ओळी पुरेत.

तिखटमीठ:
त्याने हे पाठवलं. मला त्यातलं काही कळत नाही.

```kotlin
try {
    render(api.getOrders())
} catch (e: Exception) {
    render(emptyList())
}
```

नीरजा:
हेच वाटलं होतं. यादी आणताना काहीही बिघडलं, तर हा कोड रिकामी यादी दाखवतो. "तुमची एकही ऑर्डर नाही" आणि "तुमच्या ऑर्डरी आत्ता आणता आल्या नाहीत" या दोन वेगळ्या गोष्टी तुमच्या ॲपला एकच वाटतात. तुमचा भुकेचा विनोद पहिल्यासाठी लिहिलेला आहे, आणि दिसतोय दुसऱ्याला. आज पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याला तो कदाचित आवडेलही. खरं तर रिकाम्या पानाचेच तीन प्रकार मला दिसतात: अजून काही मागवलंच नाही, शोधलं पण सापडलं नाही, आणि आणताच आलं नाही. तिसरं पान रिकामं नसतंच, ती एरर आहे. तिथे "यादी आणता आली नाही" असं सरळ लिहा आणि खाली "पुन्हा आणा" बटण द्या.

आता पैशांचं. सकाळी सव्वानऊला माणूस पिन टाकून तुमच्या ॲपमध्ये परत येतो. तुमचं ॲप तुमच्या सर्व्हरला विचारतं, पैसे आले का? सर्व्हर बँकेच्या बाजूने उत्तर येण्याची वाट बघतो. एवढ्यात गाडी भुयारात. अँड्रॉइडवर सर्व्हरशी बोलायला `OkHttp` वापरत असाल आणि काही बदललं नसेल, तर १० सेकंद काही न आल्यास ते `SocketTimeoutException` देतं. म्हणजे व्यवहार फसला असं नाही, ॲपला निकाल कळला नाही इतकंच. मुळातच नेट नसेल तर बहुधा `UnknownHostException` येतं, सर्व्हरने नाही म्हटलं तर आणखी तिसरंच. तुमच्याकडे तिन्ही एकाच माकडाखाली.

वडापाव समीक्षक:
पण गंमत चालतेच की! क्रोममध्ये नेट गेलं की डायनासोर येतो, लोक त्याच्याशी खेळत बसतात. २०१४ पासून आहे, कोणी एक स्टार दिला नाही.

नीरजा:
पुढच्या वेळी डायनासोरच्या खालचं वाचा. इंटरनेट नाही, हे हे करून बघा, आणि शेवटी बारीक अक्षरात `ERR_INTERNET_DISCONNECTED`. गंमत चित्रात आहे, मजकूर अगदी कोरडा. शिवाय तिथे कोणाचे पैसे अडकलेले नसतात.

वडापाव समीक्षक:
मग ट्विटरचा तो पक्ष्यांनी उचललेला देवमासा? तो तर लोकांना इतका आवडायचा!

हेल्पलाइनवाली:
आवडायचा खरा, पण शेवटी तो सर्व्हर बसल्याचीच ओळख होऊन बसला आणि २०१३ मध्ये त्यांनी काढून टाकला. रोज दिसणारा विनोद मजेशीर राहत नाही. मेट्रोतून जाणारा माणूस हे आठवड्यात तीनदा बघणार.

सुबोध_ठाणे:
माझा धाकटा भाऊ दृष्टिहीन आहे, टॉकबॅक वापरतो. त्याला तुमचा मेसेज कसा ऐकू येईल: अरेच्चा, मग डोळे झाकलेलं माकड, डोळे झाकलेलं माकड, डोळे झाकलेलं माकड, आणि मग डबा. बटणावर गेल्यावर "बरं, थांबतो, बटण". दाबल्यावर काय होणार? मेसेज बंद होणार, की ऑर्डर रद्द होणार?

तिखटमीठ:
मेसेज बंद होतो फक्त. बरं, पैशाच्या ठिकाणी सरळ लिहितो. हे कसं वाटतं?

"व्यवहार अयशस्वी झाला. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

नीरजा:
हे माकडापेक्षा वाईट! व्यवहार अयशस्वी झाला हे तुम्हाला माहीतच नाही, आणि "पुन्हा प्रयत्न करा" वाचून माणूस आणखी १४० रुपये भरेल. सर्व्हरने तोच ऑर्डर नंबर धरून दुसरं पेमेंट अडवलं नाही, तर दोन डबे आणि दोनदा पैसे. मी असं लिहीन:

"पैसे मिळाल्याची खात्री अजून झालेली नाही. खात्यातून ₹१४० गेले असतील तर पुन्हा भरू नका. आम्ही तपासतोय, निकाल इथेच दिसेल."
बटण: "स्थिती तपासा"
खाली बारीक अक्षरात ऑर्डर नंबर.

आणि हे पानावरच राहू द्या, क्षणभर येऊन जाणाऱ्या टोस्टच्या पट्टीत नको. टोस्ट जास्तीत जास्त साडेतीन सेकंद दिसतो, तेवढ्यात स्क्रीनशॉटही होत नाही.

हेल्पलाइनवाली:
त्यात एक गोष्ट राहिली, डबा येणार का? साडेबाराला पोटात कावळे ओरडायला लागले की रिफंडचं नंतर बघू म्हणतात. "१०.३० पर्यंत खात्री झाली नाही तर ऑर्डर रद्द होईल" असं काही लिहिता आलं तर माणूस निदान बाहेरून मागवेल.

नीरजा:
बरोबर. फक्त ती वेळ स्वयंपाकघराला खरंच पाळता येईल अशी हवी. वेळ लिहून पाळली नाही तर फोन दुप्पट येतील.

तिखटमीठ:
स्वयंपाकघर ऐकेल असं वाटत नाही, दहाला भाजी कढईत गेलेली असते. आणि डेव्हलपर म्हणतो, एरर वेगवेगळ्या करायला दोन आठवडे लागतील. परवाच्या व्हर्जनमध्ये फक्त मजकूर बदलू शकतो, मेसेज सगळीकडे एकच राहणार. तरी काय लिहू?

नीरजा:
मग प्रत्येक ठिकाणी खरं ठरेल एवढंच लिहा: "हे आत्ता होऊ शकलं नाही किंवा आम्हाला निकाल कळला नाही. पैसे भरले असतील तर पुन्हा भरण्याआधी बँकेचा मेसेज बघा." बटण "बंद करा". रुक्ष आहे, पण दोन आठवडे चालेल. रिकाम्या पानावर "इथे कोणतीही ऑर्डर दिसत नाही. आत्ताच पैसे भरले असतील तर थोड्या वेळाने पुन्हा उघडा."

वडापाव समीक्षक:
म्हणजे बिचाऱ्याने एकही विनोद ठेवायचा नाही? साहेबांना काय दाखवेल?

नीरजा:
ठेवा की. "आवडते पदार्थ" रिकामं असेल तिथे ठेवा. रविवारी स्वयंपाकघर बंद असतं त्या पानावर ठेवा, आधी "आज बंद, सोमवारी सकाळी ७ पासून ऑर्डर घेऊ" लिहून मग खाली. माणसाचं काही गेलेलं नाही आणि पुढे काय करायचं ते वर लिहिलेलं आहे, तिथे हसवा. बटणावर मात्र कधीच नाही.

सुबोध_ठाणे:
मला हे पटत नाही. रविवारी भुकेल्या माणसालाही विनोद नको असतो.

तिखटमीठ:
रविवारचं पान साहेबांनी स्वतः लिहिलंय: "आज आमच्या ताई झोपल्यात, तुम्हीही झोपा." ते बदलायचं म्हणजे मीच घरी झोपेन. बाकीचं आज रात्री डेव्हलपरला पाठवतो. @नीरजा, "आवडते पदार्थ"साठी एखादी ओळ?

वडापाव समीक्षक:
"अजून एकाही भाजीवर जीव जडला नाही. आवडली की हृदयावर टिचकी मारा." ही माझी, फुकट.

नीरजा:
चांगली आहे! काय करायचं तेही त्यातच आलं. हृदयाचं चित्र पदार्थाच्या शेजारीच आहे ना, तेवढं बघा.

गिरगावकर काका:
त्या पाच दिवसांत रविवार धरतात का?