मदत हवी आहे: छोट्या गावाच्या सर्वेक्षणात ३८४ ऐवजी ३१७ चा नमुना कसा पटवायचा?

नेहा_औंध: पुण्यात एमए करतेय, प्रबंध याच महिन्यात द्यायचाय. पाणीपुरवठ्यावर सर्वेक्षण आहे. १८०० ला करेक्शन लावून नमुना ३१७ आला. गाईड म्हणतात ३८४ च्या खाली चालणार नाही. समर्थनात नेमकं काय लिहू? प्लीज लवकर सांगा.

जुना_सांख्यिक: १८०० काय? माणसं की घरं? आणि निष्कर्ष त्या गावापुरताच आहे का?

नेहा_औंध: कुटुंबं. पुणे जिल्ह्यातली नगरपंचायत आहे, निष्कर्ष तिच्यापुरताच. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी, प्रमाण ५० टक्के धरलंय.

मनोज_कोथरूड: यामानेचं सूत्र लाव, ३२८ येतात. त्यावर पुन्हा करेक्शन लावलंस की आणखी खाली येतील. मी असंच केलं होतं, कुणी विचारलं नाही.

जुना_सांख्यिक: असं करू नका. यामानेच्या सूत्रात ते करेक्शन आधीच आहे. १.९६ ऐवजी २ धरलेत, म्हणून मूळ आकडा ३८४ ऐवजी ४०० होतो, एवढाच फरक. पुन्हा लावलं तर एकच सूट दोनदा घेतल्यासारखं होतं.

नेहा, गाईडना हे दाखवा:

```
n0 = 1.96^2 * 0.5 * 0.5 / 0.05^2 = 384.16
n  = 384.16 / (1 + 383.16/1800) = 316.7
```

३८४ हा आकडा समष्टी अमर्याद धरून येतो. इथे १८०० पैकी ३१७ घरं, म्हणजे सहातलं जवळपास एक घर, आपण प्रत्यक्ष विचारतोय. न विचारलेली घरं तेवढी कमी उरतात, म्हणून त्रुटीही आटते. मात्र "जिल्ह्यातली सगळी छोटी शहरं" असा निष्कर्ष काढलात तर ही सूट मिळणार नाही.

शुभदा_म: गूगल फॉर्म पाठवा ना! आमच्या सोसायटीत एका दिवसात दीडशे उत्तरं आली.

जुना_सांख्यिक: शुभदाताई, जे आपणहून भरतात ते यादृच्छिक नमुन्यात बसत नाहीत. मग या सूत्राला आधारच राहत नाही. नेहा, घरं निवडली कशी?

नेहा_औंध: १७ पैकी ६ प्रभाग चिठ्ठ्या टाकून, मग त्यांतली घरं मालमत्ता कराच्या यादीतून.

जुना_सांख्यिक: हे आधी सांगायला हवं होतं. एका प्रभागाला पाणी एकाच टाकीतून येत असेल, तर शेजारपाजारची उत्तरं सारखीच येणार. त्यासाठी आधी ३८४ ला डिझाइन इफेक्टने गुणा, करेक्शन नंतर. १.५ धरला तर ५७६ होतात आणि करेक्शननंतर ४३७. पण १.५ हा अंदाज आहे, पायलटच्या आकड्यांवरून तपासा.

मनोज_कोथरूड: म्हणजे गाईडच्या ३८४ पेक्षाही जास्त! उगाच घाबरवताय पोरीला.

जुना_सांख्यिक: सतराही प्रभागांतून, प्रत्येकातल्या घरांच्या प्रमाणात निवड केली तर ३१७ पुरतात. मात्र काही घरं बंद मिळतील, काही नकार देतील. पाचात एक धरलं तर सुमारे ३९७ दारं ठोठवावी लागतील.

नेहा_औंध: सतराही प्रभाग घेते. पण एका घरमालकाकडे चार भाडेकरू असले तर कराच्या यादीत नोंद एकच दिसते. मग १८०० हा आकडा तरी धरायचा का?