त्रिकोणांचं ‘अंदाजपत्रक’ की आणखी काही?

रात्रसराफा : इंदूरला एका छोट्या स्टुडिओत लीड आर्टिस्ट आहे. मोबाइल गेममध्ये सराफ्याच्या खाऊबाजाराचा रात्रीचा देखावा करतोय. गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोण जोडून घडवतात, आणि त्रिकोण वाढले की फोनवरचा भार वाढतो. माझे तिन्ही मॉडेलर मराठी घरांतले, म्हणून ‘बजेट’ऐवजी हौसेनं मराठी शब्द घालून निरोप पाठवला : ‘कॅमेऱ्यात एका वेळी दिसणाऱ्या सगळ्याचं अंदाजपत्रक 1 लाख त्रिकोण. त्यात 14 टपऱ्या, प्रत्येकी 3,000. गर्दीला 30,000, इमारतींना 20,000. पोताला 24 एमबी.’

एकानं गराडूच्या टपरीतला एकेक तुकडा घडवून ती 4,800 वर नेली. विचारलं तर म्हणाला, ‘दादा, अंदाजच होता ना?’ चूक त्याची की माझ्या शब्दाची?

रामबागेतली : शब्दाची. अंदाजपत्रकात आधी अंदाज आणि मग सुधारित अंदाज, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय. ‘मर्यादा’ लिहा, विषय संपला.

रात्रसराफा : ‘मर्यादा’ही लिहून पाहिलं होतं. मग दुसऱ्यानं साधा पाण्याचा माठसुद्धा ‘मर्यादेतच आहे’ म्हणून 2,900 चा केला. माझी बेरीज अशी : टपऱ्या 42,000, गर्दी आणि इमारती 50,000, म्हणजे हाताशी 8,000 राहतात. चौदाही टपऱ्या 4,800 च्या झाल्या, तर 25,200 जास्त. शिल्लक संपून वर 17,200. मला जे सांगायचंय ते हे, की एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढायचंय.

जुनीबखर : मग ‘नेमणूक’ घ्या. जुन्या मराठी कागदांत अमक्या खात्याला ठरवून दिलेली रक्कम म्हणजे नेमणूक. होळकरांच्या गावात शोभेलही.

रामबागेतली : आज ‘टपरीची नेमणूक’ वाचून पोरं टपरीला नोकरी लागली म्हणतील.

साडीवाले काका : पोताचं माप एमबीत कसं? आमच्याकडे माहेश्वरीचा पोत बोटांनी कळतो. पदर धरला की सांगतो, सूत किती आहे ते.

रात्रसराफा : काका, इथं पोत म्हणजे मॉडेलवर चिकटवलेलं चित्र. तुमचा अर्थच खरा जुना, पण मुलं ‘टेक्स्चर’च म्हणतात, त्यामुळे निरोपात यापुढे तेच.

पिक्सेलपोहे : मीही हेच काम करतो. 24 एमबी म्हणजे खूप झाले. माझी 1024 ची पीएनजी 380 केबीची असते, साठ चित्रं बसतील.

रात्रसराफा : नेमका इथंच घोळ होतो. 380 केबी ही डिस्कवरची फाइल. फोनच्या ग्राफिक्स चिपला पीएनजी तशीच वापरता येत नाही, ती उलगडावी लागते. 1024 गुणिले 1024 पिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 4 एमबी. दूरच्या टपरीसाठी लागणाऱ्या लहान प्रती, म्हणजे मिपमॅप, धरले की एक तृतीयांश वाढून साधारण 5.3. अशी चारच चित्रं बसतात. तेच ASTC 6x6 या चिपला थेट वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये दाबलं तर मिपमॅपसकट 0.6 एमबीच्या आसपास. मग चाळीस बसतील. चित्र पांढरं असो की गजबजलेलं, आकडा तोच, कारण इथं 6x6 पिक्सेलांच्या प्रत्येक ठोकळ्याला ठरलेली जागा मिळते. युनिटी या गेम इंजिनात चित्र निवडून प्रीव्ह्यूच्या खालची ओळ वाचा. फॉरमॅट आणि खरा आकार तिथंच असतो.

पिक्सेलपोहे : हे माहीत नव्हतं. त्रिकोणांचं मात्र पक्कं माहितीय : ब्लेंडरमध्ये मॉडेल घडवताना जेवढे फेस, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे, तेवढे त्रिकोण.

रात्रसराफा : चौकोनी फेस असेल तर त्याचे दोन होतात. ब्लेंडरमध्ये Statistics चालू करून Triangles ची ओळ पाहा, Faces ची नाही. शिवाय युनिटीच्या Stats मधला Tris आकडा मोठा दिसला तर घाबरू नका. सावल्या चालू असतील तर तीच टपरी सावलीसाठी पुन्हा काढली जाते आणि पुन्हा मोजली जाते.

चिपवाली : एक आगाऊपणा करू? एकट्या 17,200 जास्त त्रिकोणांनी फोन बसत नाही. देखावा अडखळत असेल तर आधी रेंडर स्केल अर्धा करा, म्हणजे चित्र कमी पिक्सेलांत काढून पाहा. वेग वाढला, तर भार पिक्सेलांचा आहे : वाफेचे, धुराचे पारदर्शक थर बहुतेक. वाढला नाही, तर त्रिकोण, ड्रॉ कॉल म्हणजे चिपला जाणारे ‘हे काढ’ असे हुकूम, किंवा प्रोसेसरवरचं काम तपासा. गराडूवाल्यालाच फासावर देऊ नका.

रात्रसराफा : करून पाहिलं. वेग जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे भुट्ट्याच्या कीसची वाफ. ती मीच केली होती.

रामबागेतली : मग शब्द काय ठरला?

रात्रसराफा : नव्या निरोपात ‘वाटा’ लिहिलंय : ‘टपरीचा वाटा 3,000. कमी लागलं तर उरलेलं परत करा.’ गराडूवाल्यानं लगेच विचारलं, माठातले वाचलेले त्याला मिळतील का.

जुनीबखर : मी अजून ‘नेमणूक’वरच आहे.