‘रिंगिंग’ला मराठीत काय म्हणायचं? वलय, निनाद की आणखी काही?

मीरा_लिहिते: इमेज प्रोसेसिंगच्या नोट्स मराठीत करतेय. आयडियल, बटरवर्थ आणि गॉसियन असे तीन लो-पास फिल्टर घेतलेत. आयडियल लावला की प्रत्येक ठळक कडेशेजारी फिकट-गडद रेघा उठतात, ते रिंगिंग. मी ‘वलयदोष’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘अनुनाद’ केलं. अनुनाद म्हणजे रेझोनन्स ना, तो इथे कुठून आला?

शब्दवेडा: अनुनाद चूकच, पण वलयही नको. हे रिंग अंगठीचं नाही, घंटेचं आहे, टोला पडून गेल्यावरही आवाज घुमत राहतो ते. मी ‘घुमारा’ म्हणेन.

कोकीळ७: मग घंटाकार फिल्टरने घुमारा येतो असं लिहायचं का? वाचणारा गोंधळेल की.

जुना_सिग्नलवाला: उलट आहे, घंटाकार म्हणजे गॉसियन, त्याने रेघा अजिबात उठत नाहीत. वलयाबद्दल म्हणाल तर काळ्यावर एकच पांढरा ठिपका घेऊन आयडियल लावा, खरीखुरी गोल वलयं दिसतात. सरळ कड घेतली की तीच एकमेकांत मिसळून समांतर रेघा होतात. म्हणून वलय अर्धंच बरोबर.

प्रथमेश_के: शब्दाचं राहू दे, कटऑफ जरा वाढवला की रिंगिंग जातंच. आणि पॅडिंग केलं नसेल तर हमखास येतं.

जुना_सिग्नलवाला: जात नाही, करून बघा. 512 बाय 512 चं चित्र, डावा अर्धा भाग 100, उजवा 200. स्पेक्ट्रममध्ये मध्यापासून 32 च्या आतलं तसंच ठेवा आणि बाहेरचं शून्य करा. कड पुसट होते ते अपेक्षितच, पण उजवीकडे कडेपासून साधारण 8 पिक्सेलवर किंमत 209 च्या आसपास जाते आणि डावीकडे तेवढ्याच अंतरावर 91 पर्यंत खाली येते, मग दर 16 पिक्सेलला तशीच पण उतरती लाट. आता कटऑफ 64 करा, ते शिखर 4 पिक्सेलवर सरकेल पण उंची तीच राहील, उडीच्या 9 टक्के. म्हणजे रेघा बारीक होतात, नाहीशा होत नाहीत. पॅडिंगचा प्रश्न वेगळा. एफएफटीच्या लेखी चित्राचं उजवं टोक डाव्याला चिकटलेलं असतं, म्हणून त्या टोकांनाही रेघा दिसतील. मधल्या कडेचं पॅडिंगने काही हलत नाही.

मीरा_लिहिते: पण 200 च्या वर जातंच कसं? फिल्टर तर फक्त काढून टाकतोय, घालत काहीच नाही.

जुना_सिग्नलवाला: हाच खरा प्रश्न. स्पेक्ट्रममध्ये धारदार काप घेतला की चित्रात त्याचा अर्थ होतो शेजारच्या पिक्सेलांची वजनं लावून केलेली बेरीज, आणि त्या वजनांत मध्ये मोठा उंचवटा, मग ऋण खड्डा, मग छोटा उंचवटा, असं लांबवर चालू राहतं. सगळ्या वजनांची बेरीज 1. आता कडेपासून 8 पिक्सेल आत, उजळ बाजूला उभे राहा. मधला उंचवटा पूर्ण उजळ भागात बसतो आणि डावीकडचा ऋण खड्डा बरोबर काळपट भागावर पडतो. तिथे 200 च्या जागी 100 च वजा होतात, म्हणजे कमी वजा झालं, म्हणून बेरीज 200 ओलांडते. गॉसियनची वजनं सगळी धन, ती साधी सरासरी, 100 ते 200 च्या बाहेर जाऊच शकत नाही. बटरवर्थ मधला: n = 1 ला नाही, 2 ला जेमतेम, 20 ला जवळजवळ आयडियलच.

क्ष_किरण: मी एमआरआयवर काम करते. पाठीच्या कण्याच्या चित्रात मज्जारज्जूमधून अशीच एक उभी रेघ दिसते आणि ती कधीकधी आजार म्हणून वाचली जाते. आम्ही रिंगिंग म्हणतच नाही, गिब्स म्हणतो. तिथे फिल्टर कोणी लावलेला नसतो, वरच्या फ्रिक्वेन्सी मोजलेल्याच नसतात, पण काप तोच. मॅट्रिक्स वाढवून घेतलं की रेघा जवळ येतात आणि बारीक होतात, त्यावरून ओळखतो.

शब्दवेडा: गिब्सपरिणाम! पण मग नाव विल्ब्रहॅमचं हवं, त्याने 1848 मध्येच लिहून ठेवलं होतं, गिब्स 1899 चा.

प्रथमेश_के: मी 0 आणि 255 चं चित्र घेऊन पाहिलं, मला रेघा दिसल्या नाहीत. कडेजवळ पांढऱ्यात काळे पिक्सेल आले फक्त.

जुना_सिग्नलवाला: तेच रिंगिंग. 255 च्या वर गेलेली किंमत थेट `uint8` केलीत म्हणून 256 पासून पुन्हा शून्याकडून मोजली गेली. `np.clip` लावलंत तर काळे पिक्सेल जातील, पण मग 255 वरचं सगळं कापलं जाऊन मुख्य शिखरही लपेल. म्हणून 100-200 घ्या म्हटलं.

कोकीळ७: माझा आक्षेप ‘आदर्श’ला आहे. मीराताई, तीनही फिल्टरांत चित्र सर्वात खराब करणारा तो आणि नाव आदर्श?

शब्दवेडा: आदर्श म्हणजे काल्पनिक नमुना, चांगला असा नाही. गणितात रूढ आहे, बदलू नका.

कोकीळ७: रूढ कोणात? शिकणारा आदर्श म्हटल्यावर तोच निवडणार. ‘कडककाप’ म्हणा, निदान काय करतो ते कळेल.

तारजोडणी: बटरवर्थच्या 1930 च्या कामात सगळा भर पट्टा सपाट ठेवण्यावर आहे, म्हणून ‘कमाल सपाट’ मला पटतं. पण नोट्समध्ये कटऑफला 0.5 छापलंय ते चुकलंय, 0.707 हवं.

जुना_सिग्नलवाला: तुमच्या सर्किटच्या सूत्रात वर्गमूळ असतं. चित्रांसाठी बहुतेक वेळा `H = 1/(1 + (D/D0)^(2n))` असं मुळाशिवाय लिहितात, तिथे D0 ला 0.5 च येतं. मीराताई, कुठलं सूत्र घेतलंय ते तेवढं छापा.