मदत हवी आहे: इंडक्शन १२०० वॅटचं घ्यावं की २०००चं?

रेवा_क
इंडक्शन शेगडी उद्याच घ्यायची आहे. दुकानदार २००० वॅटची घ्या म्हणतो, घरचे म्हणतात १२०० पुरेल. जुनी दीड वर्षात बंद पडली. दुरुस्तीला दिली, दोन महिने ठेवून घेतली आणि आली तशीच परत आली. या वेळी जिची दुरुस्ती खरंच होते अशी कंपनी हवी. भांडी घरात आहेत. कृपया थेट नाव सांगा.

माधव_वि
आधी तीन गोष्टी सांगा. शेगडी कुठल्या सॉकेटला लावणार, छोट्या पिनांच्या की मोठ्या? भांड्यांचा तळ कसला आहे? आणि जुनी बंद पडली म्हणजे नेमकं काय झालं?

सुलभा७१
मी तर म्हणेन इन्फ्रारेड शेगडीच घ्या. आमच्याकडे चार वर्षं आहे, कुठलंही भांडं चालतं. फक्त बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते, लहान मुलं असतील तर जपा.

रेवा_क
सुलभाताई, मला इंडक्शनच हवंय.
माधव, सॉकेट छोटं आहे. जुनी एकदा ‘फट्’ करून बंद पडली. दुरुस्तीवाल्याने फ्यूज बदलला, घरी लावल्याबरोबर पुन्हा फट्. तीन स्टीलची पातेली आहेत, त्यातल्या एकाला E0 दाखवून नुसती पीप-पीप करायची.

निखिल_देव
चुंबक लावून बघा. चिकटलं की भांडं चालतं, विषय संपला. नाही चिकटलं तर इंडक्शनवर ठेवायची लोखंडी चकती मिळते, ती घ्या.

माधव_वि
निखिल, चुंबकाची चाचणी अर्धीच आहे. काही भांड्यांना ॲल्युमिनियमच्या तळात मधोमध छोटी स्टीलची पट्टी दाबून बसवलेली असते. तिथे चुंबक चिकटतं, पण कॉइलसमोर लोखंड कमी येतं, मग शेगडी पूर्ण जोर देत नाही किंवा भांडंच ओळखत नाही. म्हणून चुंबक मध्यावरून कडेपर्यंत फिरवायचं. चिकटणारा भाग १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर भरवसा नाही. तळ फुगलेला असेल तरी तेच. रेवा, E0 यातूनच येत असणार.
चकतीचा सल्ला मी देणार नाही. आधी चकती तापते, मग भांडं. ती उष्णता काचेत आणि खालच्या कॉइलमध्ये उतरते.

निखिल_देव
मी दोन वर्षं चकती वापरतोय, काही झालेलं नाही.

माधव_वि
मंद आचेवर वापरत असाल तर चालूनही जाईल. पूर्ण जोरावर लावू नका एवढंच.

रेवा, वॅटचं. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, त्यावर ही शेगडी रोज चालली तर पिना तापतात आणि प्लास्टिक वितळतं. १२०० वॅटला ५.२ अँपिअर लागतात, ती छोट्यावर चालेल. फरक वेळेचा आहे. २ लिटर पाणी उकळायला २००० वॅटवर साधारण ६ मिनिटं, १२००वर १० मिनिटं. १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला साजेशी जाड वायर बसवून घेता येत असेल तर २०००ची घ्या. मंद आचेसाठी मात्र जास्त वॅटचा उपयोग नाही. बऱ्याच शेगड्या खालच्या पायरीवर सतत मंद चालत नाहीत, काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं करतात. दुकानात पाणी ठेवून बघा. उकळी थांबून थांबून येत असेल तर तेच.

सुलभा७१
आमची बटणं ओल्या हाताने दाबून बिघडली होती, त्यावर काय करावं?

रेवा_क
मग जुनी का जळली? आणि कंपनीचं नाव?

माधव_वि
तुमच्या वर्णनावरून आयजीबीटी शॉर्ट झालेला वाटतो. कॉइलला वीज चालू-बंद करणारा मुख्य भाग तो. तो शॉर्ट असताना फ्यूज कितीही वेळा बदला, उडणारच. जाणकार माणूस नवा फ्यूज घातला की आधी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करतो. बल्ब भगभगीत पेटून राहिला की शॉर्ट अजून आहे. तुमच्याकडे ही पायरी झालीच नसावी. काम झाल्यावर तुम्ही भिंतीवरचं बटण लगेच बंद करत होतात का?

रेवा_क
हो, नेहमी. वीज वाया जाते म्हणून.

माधव_वि
त्याने पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते. पंखा आपोआप थांबेपर्यंत ठेवत जा. जळण्याचं कारण तेच असेल असं मात्र मी खात्रीने म्हणणार नाही. व्होल्टेज वाढलं तरी, किंवा पंख्याच्या जाळीत झुरळं आणि धूळ बसली तरी हेच होतं.

नाव मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीचं केंद्र एका ठिकाणी चांगलं, दुसऱ्या ठिकाणी नुसतं पेटी गोळा करणारं असतं. आवडलेल्या मॉडेलचा नंबर घेऊन तुमच्या जवळच्या केंद्राला फोन करा. पॉवर बोर्ड आणि वरची काच आत्ता शिल्लक आहे का, एवढं विचारा. ‘मागवावी लागेल’ म्हणाले तर किती दिवस, तेही विचारा.

निखिल_देव
बोर्ड सुटा घेण्यापेक्षा नवी शेगडी परवडते, हे कोणी सांगत नाही.

रेवा_क
दोन केंद्रांना फोन केला. एकाने मॉडेल नंबर विचारलाच नाही, दुसऱ्याने बोर्ड आहे म्हणाले, काच १५ दिवसांनी. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. खरेदी त्यानंतरच. तिसरं पातेलं दुकानात नेऊन लावून बघते, पण काचेला १५ दिवस हे ठीक आहे की जास्त?