मदत हवी आहे: एचडीएल वाढूनही डॉक्टर रोजचा एक पेग बंद करायला का सांगतात?

उंबरठा:
नमस्कार. माझे वय ५२ आहे, राहणे पुण्यात, काम बसून करण्याचे. वडिलांना ५८व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे मी दरवर्षी लिपिड प्रोफाइल करून घेतो आणि दरवर्षी एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, कमी म्हणून त्या आकड्याखाली लाल रेघ असते. पूर्वी मी लग्नकार्यात किंवा सहलीला गेलो तरच मद्य घेत असे. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी रोज एक लार्ज घेतल्याने त्यांचे एचडीएल वाढल्याचे सांगितले, म्हणून फेब्रुवारीपासून मीही रात्री जेवणाआधी ६० मिली व्हिस्की घेऊ लागलो. स्टीलच्या मापानेच मोजतो, त्याहून थेंबभरही अधिक नाही.

तीन महिन्यांनी तपासणी केली. आधी एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २४० आणि एलडीएल १२८ होते. आता एकूण २२२, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड ३१० आणि एलडीएल १२१ आहे. म्हणजे चांगले वाढले आणि एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले. तरीही डॉक्टरांनी कागद पाहून "दारू बंद करा, एवढेच सांगतो" असे म्हटले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. माझा प्रश्न नीतीचा नसून वैद्यकाचा आहे: माफक मद्याने एचडीएल खरोखर वाढत असेल, तर हृदयासाठी ते घ्या असे डॉक्टर का सांगत नाहीत?

द्राक्षवेल:
तुमची दिशा बरोबर आहे, पेय चुकले आहे. व्हिस्कीऐवजी रेड वाइन घ्यायला हवी होती. फ्रान्समध्ये लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी तेथे हृदयविकार कमी, हे १९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले गेले आणि त्यानंतर तिथे रेड वाइनचा खप एकदम वाढला. द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल असते, त्याचा हा गुण. आमच्या नाशिकला या, चांगली वाइन कोणती ते दाखवतो.

जुना_वैद्य:
मी ३० वर्षे फिजिशियन म्हणून काम केले, आता निवृत्त आहे. तुमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटे अधिक दिली असती तर हा धागा निघालाच नसता, परंतु त्यांचा सल्ला बरोबर आहे.

द्राक्षवेल यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. फ्रान्सची ती चर्चा झाली होती. पण एचडीएल वाढवतो तो अल्कोहोल, मग तो वाइनमधला असो वा व्हिस्कीतला. रेस्व्हेराट्रॉल वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकेच असते, आणि प्रयोगांत ज्या मात्रा वापरल्या जातात त्यांच्याशी त्याची तुलनाच होत नाही.

आता एचडीएल किती वाढते ते पाहू. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण आले. रोज ३० ग्रॅम अल्कोहोल घेतल्यास एचडीएल सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढते आणि ट्रायग्लिसराइडही सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे तुमची अपेक्षित वाढ तीनच्या आसपास येते. ती तशीच आली आहे. मात्र एकाच माणसाचे एचडीएल दोन वेगळ्या दिवशी तपासले तरी दोन-तीन अंकांचा फरक सहज पडतो. त्यामुळे तुमच्या तीन अंकांचे श्रेय कोणाला द्यायचे, हे एका तपासणीवरून कोणीच सांगू शकत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे एलडीएलची घट फसवी आहे. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. त्या एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. तुमचे पहिले गणित २१२ वजा ३६ वजा ४८, उत्तर १२८. दुसरे २२२ वजा ३९ वजा ६२, उत्तर १२१. ट्रायग्लिसराइड वाढल्यामुळे वजा करायची रक्कम मोठी झाली, म्हणून उत्तर लहान आले. एकूणातून फक्त एचडीएल वजा करून पाहा: आधी १७६ होते, आता १८३ आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारे कोलेस्टेरॉल या आकड्यात येते, आणि तो वाढला आहे.

सुमन_कुलकर्णी:
भाऊ, दारू सोडायचा निर्णय घेतलात हे फार चांगले केलेत. एकदम सोडू नका. रोज थोडी कमी करत न्या आणि घरच्यांना विश्वासात घ्या. माझ्या दिरांनी अशीच सोडली.

उंबरठा:
सुमनताई, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहे. मला सोडण्याची अडचण नाही. काही दिवस घेतली नाही तरी काही होत नाही. सोडावी का, एवढाच प्रश्न आहे.

वैद्यसाहेब, हे वजाबाकीचे गणित मला कोणीच सांगितले नव्हते. पण एक शंका उरते. एचडीएल तीनने का होईना वाढले असेल, तर तेवढा तरी लाभ मिळालाच ना? ज्यांचे एचडीएल जास्त, त्यांना झटके कमी, हे तर सर्वमान्य आहे.

जुना_वैद्य:
सर्वमान्य आहे ते इतकेच की दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. एकीमुळे दुसरी घडते का, हे तपासले गेले आहे आणि उत्तर निराशाजनक आले. टॉरसेट्रापिब नावाचे औषध एचडीएल सुमारे ७० टक्क्यांनी वाढवत असे. सुमारे १५,००० रुग्णांवरचा त्याचा प्रयोग २००६ साली मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक होऊ लागले. त्या औषधाने रक्तदाबही वाढत असे, म्हणून सगळा दोष एचडीएलच्या कल्पनेला देता येत नव्हता. पण त्यानंतर आलेल्या त्याच वर्गातील इतर औषधांनी रक्तदाबाचा तसा त्रास न देता एचडीएल वाढवले, आणि निव्वळ त्या वाढीमुळे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. २०१२ साली लॅन्सेटमध्ये जनुकांचा अभ्यास आला. काही लोकांमध्ये एका जनुकाच्या फरकामुळे जन्मापासून एचडीएल पाच-सहा अंकांनी अधिक असते, म्हणजे तुमच्या पेगने मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही आयुष्यभर. त्यांना झटके कमी आले नाहीत.

तुमच्या बाबतीत मला असे वाटते की कमी एचडीएल ही मूळ तक्रार नाही. रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त असले की ते एचडीएलच्या कणात शिरते, कणातले कोलेस्टेरॉल बाहेर जाते, आणि असा कण लवकर मोडून रक्तातून काढून टाकला जातो. पोटाचा घेर, बैठे काम आणि मधुमेहाकडे झुकलेले रक्त यांच्याबरोबर ही जोडी आपल्याकडे फार दिसते. तुम्ही परिणामावर उपाय केलात आणि कारण वाढवलेत, कारण अल्कोहोल यकृतात ट्रायग्लिसराइडची निर्मिती वाढवतो. आता मला दोन गोष्टी सांगा: रक्तदाब किती आहे, आणि पेगसोबत काय खाता?

शंकासुर:
वैद्यसाहेबांचे औषधांचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही. मद्याचा लाभ एचडीएलमुळे नसेल, पण गुठळ्या कमी होण्यामुळे असू शकतो. तुम्ही सांगता त्याच विश्लेषणात गुठळी बनवणारे फायब्रिनोजेनही घटलेले आहे. आणि कित्येक देशांतल्या पाहण्यांमध्ये माफक पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी दिसतो. इतके सगळे अभ्यास एकाच दिशेला चुकतील का? शिवाय महाराष्ट्रात मद्याचा परवाना आरोग्य राखण्याच्या कारणाने दिला जातो, हेही गमतीने नमूद करतो.

जुना_वैद्य:
परवान्याची भाषा कायद्याची सोय आहे, वैद्यकाचा सल्ला नव्हे. बाकी आपली शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण न पिणाऱ्यांच्या गटात कोण असते, हे पाहा. आजारी पडल्यावर, मधुमेह निघाल्यावर, डॉक्टरांनी दम दिल्यावर ज्यांनी सोडली, तेही त्याच गटात मोजले जात. हा दोष १९८८ साली ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात दाखवला गेला. उलट रोज एकच पेग घेऊन थांबणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, चालायला जातो आणि तपासण्या वेळेवर करतो. सगळे अभ्यास एकाच दिशेला चुकू शकतात, कारण सगळ्यांत हीच माणसे आहेत.

यातून सुटण्याचा एक मार्ग जनुकांचा आहे. अल्कोहोल पचवणाऱ्या एका जनुकाच्या फरकामुळे काहींना मद्य सोसत नाही आणि ते मुळातच कमी पितात. २०१४ साली युरोपीय वंशाच्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीत अशांना हृदयविकार कमी आणि रक्तदाबही कमी आढळला. माफक पिण्याने रक्षण होत असते, तर उलटे दिसायला हवे होते. भारतीय पुरुषांच्या २०१० सालच्या अभ्यासातही पिणाऱ्यांचे एचडीएल अधिक होते, पण हृदयविकार कमी नव्हता.

दुसरा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना रोज पेग आणि निम्म्यांना पूर्ण बंदी. अमेरिकेत सुमारे ७,८०० लोकांवर असा प्रयोग ठरला होता. त्याचा बराच पैसा मद्य कंपन्यांकडून आणि अयोग्य मार्गाने मिळवल्याचे उघड झाल्यावर २०१८ साली तो बंद केला गेला. म्हणून निर्णायक उत्तर आजही नाही. एखाद्या औषधाचा असा एकही प्रयोग नसता, तर मी ते लिहून दिले नसते. मद्याला वेगळा न्याय का द्यावा?

पंचगंगा:
मी कोल्हापूरहून लिहितो आहे. माझे एचडीएल ५८ होते आणि त्याचा मला अभिमान होता. दहा-बारा वर्षे रोज एक, कधी दीड पेग. मागच्या वर्षी एका रात्री छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड सुरू झाली, नाडी हाताला वेडीवाकडी लागत होती. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघाले. आता रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले की एवढ्याशा मद्यानेही याचा धोका वाढतो, आणि सोडल्यास पुन्हा होण्याचे प्रमाण घटते. मी सोडली. त्यानंतर एकदाच झाले. माझ्या बाबतीत कारण तेच होते का, हे मात्र खात्रीने कोणी सांगितले नाही.

उंबरठा:
पंचगंगा, आपला अनुभव वाचून अस्वस्थ झालो. लवकर बरे व्हा.

वैद्यसाहेब, घरच्या यंत्रावर पूर्वी वरचा रक्तदाब १२६ ते १३० असे. गेल्या महिन्यातल्या नोंदी पाहिल्या तर १३६, १३८, १३४ अशा आहेत. उन्हाळा आणि कामाचा ताण म्हणून मी दुर्लक्ष केले होते. पेगसोबत खारे शेंगदाणे आणि फरसाण असते, आणि त्यानंतर जेवण नेहमीइतकेच. तपासणीच्या आदल्या रात्रीही पेग घेतला होता.

जुना_वैद्य:
आदल्या रात्रीचा पेग ट्रायग्लिसराइड वर ढकलतो, त्यामुळे ३१० पैकी काही भाग त्याचाही असेल. चार आठवडे मद्य आणि फरसाण दोन्ही पूर्ण बंद ठेवा, रात्रीच्या जेवणातला भात निम्मा करा आणि जेवणानंतर अर्धा तास चाला. मग १२ तासांच्या उपवासाने लिपिड, साखरेसाठी एचबीएवनसी आणि यकृतासाठी एसजीपीटी करा. एचडीएल ३६वर परत आले तरी घाबरू नका. आधी ट्रायग्लिसराइड आणि त्या १८३ चे काय झाले ते पाहा. वडिलांचा इतिहास असल्याने कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन लागेल का, हे तुमच्या डॉक्टरांशी त्या कागदावर बसून ठरवा. या वेळी रक्तदाबाची वहीही सोबत न्या.

द्राक्षवेल:
म्हणजे आठवड्यातून एकदा, सणासुदीला एक ग्लास वाइनही नाही?

जुना_वैद्य:
चवीसाठी घ्यायची असेल तर तो तुमचा प्रश्न आहे, मीही कधीतरी घेतो. हृदयासाठी म्हणून घेऊ नका, इतकेच.

उंबरठा:
आजपासून बंद. चार आठवड्यांनी आकडे येथेच लिहितो. सहकाऱ्यांना मात्र काय सांगावे, हे अजून सुचलेले नाही. त्यांचे एचडीएल ४६ आहे, आणि ट्रायग्लिसराइड किती हे मी विचारलेच नव्हते.