तीन भावंडं, तीन खंड: भेटायला मधलं ठिकाण कसं निवडावं? (मदत हवी आहे)

मृण्मयी_ट
मंडळी, मी टोरांटोला, ताई लंडनला आणि धाकटा भाऊ सिंगापूरला. ऑक्टोबरच्या मध्यात आठवडाभर तिघांनी एकत्र राहायचं ठरलंय. सोबत आमचे जोडीदार आणि माझी चार वर्षांची लेक. अडलंय ते कुठे भेटायचं यावर.

ताई म्हणते, माझ्याकडेच या. पण तिच्या घरी गेलो की ती दिवसभर स्वयंपाकघरात, वर ऑफिसचे फोन. आम्हाला सुट्टी, तिला पाहुणचार. भावाच्या मनात लिस्बन आहे, मला इस्तंबूल बरं वाटतंय. आवडीही वेगळ्या: ताईला भरपूर चालायचं असतं, भावाला समुद्र हवा, मला सगळ्यांनी निवांत बसून गप्पा मारायला हव्यात. कुणाला किती त्रास पडतोय हे नीट मोजायची काही रीत आहे का?

पहाटवारा
सोपं आहे. नकाशावर अंतरं मोजा आणि मध्यबिंदू काढा. तो मिळाला की त्याच्या जवळचं चांगलं शहर निवडा. भांडणाला जागाच उरत नाही.

नकाशेवाला
पहाटवारा, मधलं ठिकाण शोधायचं हे बरोबर, पण अंतराने नको. टोरांटो ते सिंगापूर सर्वात जवळची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते, साधारण १५,००० किलोमीटर. तिचा मध्य सैबेरियात, ६९ अंश अक्षांशाच्या आसपास पडतो. तिथे कोण भेटणार?

मृण्मयी, किलोमीटर बाजूला ठेवा. प्रत्येकासाठी दोनच गोष्टी लिहा: घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत किती तास, आणि घड्याळ किती तासांनी सरकतं. नुसत्या विमानाच्या तासांवर जाऊ नका, विमानतळावर जाणं-येणं आणि थांबणं यातच चार-पाच तास जातात.

आता तुमचंच उदाहरण. लंडन धरलं तर हवेतले तास तुम्हाला सात, भावाला चौदा, ताईला शून्य. बेरीज एकवीस. इस्तंबूलला तुम्हाला दहा, भावाला अकरा, ताईला चार, म्हणजे पंचवीस. बेरीज पाहिली तर लंडन जिंकतं, आणि ते जिंकणारच. तिघं साधारण एका ओळीत असले की एकूण प्रवास सर्वात कमी होतो तो मधल्या माणसाच्या घरी. म्हणून अशा घरांत मधली व्यक्ती कायमची यजमान होते. तेव्हा बेरीज सोडा, ज्याला सर्वात जास्त त्रास त्याचा आकडा कमी करा. लंडनला तो चौदा आहे, इस्तंबूलला अकरा.

लिस्बनला तुम्ही सात तासांत पोचाल, ताई तीनच्या आत. पण सिंगापूरहून थेट विमान नाही, भावाला घरापासून वीस तासांहून जास्त लागतील. त्यानेच ते सुचवलंय, म्हणजे समुद्राच्या ओढीने सुचवलं असणार. त्याला हा आकडा दाखवून मगच विचारा.

घड्याळाचंही पाहा. इस्तंबूलला ऑक्टोबरात तुमचं घड्याळ सात तास पुढे जातं, भावाचं पाच तास मागे, ताईचं दोन तास पुढे. पूर्वेकडे जाताना झोप बसायला जास्त दिवस लागतात. त्यामुळे विमानाचे तास भावाचे जास्त असले तरी पहिले दोन-तीन दिवस जड जातील ते तुम्हाला आणि लेकीला. शक्य असेल तर तुम्ही एक दिवस आधी पोचा.

दूरदेशी
हे वाचून राहवलं नाही. मी सिडनीला, तो सॅन फ्रान्सिस्कोला. आम्ही होनोलुलूला भेटतो. त्याला पाच तास, मला दहा. दोघांत तर बेरजेने काहीच कळत नाही, वाटेवर कुठेही भेटा, एकूण तेवढंच भरतं. फरक फक्त कुणी किती उचलायचं याचा.

मी शुक्रवारी संध्याकाळी निघते आणि त्याच शुक्रवारी सकाळी उतरते. परतताना मात्र एक अख्खी तारीख गायब होते, म्हणून रजा मोजताना तो दिवस आधीच धरावा लागतो. शरीराला मात्र चार तासांचाच फरक जाणवतो, त्याला तीन, म्हणून हे ठिकाण आम्हाला मानवतं.

तुम्हाला सांगेन की पहिल्या संध्याकाळी काही ठरवू नका. रात्रभर विमानात अवघडून आलेला माणूस भेटल्या भेटल्या क्षुल्लक कारणावरून चिडतो, आणि ते मनाला फार लागतं. आम्ही पोचल्यावर आधी झोपतो, मग भेटल्यासारखे भेटतो.

सागरगोटा
इस्तंबूल मस्त! दोन दिवस शहर, मग विमानाने कॅपाडोकिया, तिथून बसने पामुक्काले, शेवटी अंताल्याचा समुद्र. आठवड्यात आरामात बसतं. भावाची हौसही भागेल.

मृण्मयी_ट
सागरगोटा, मनापासून आभार, पण आम्हाला देश बघायचा नाहीये, एकमेकांना बघायचंय. रोज बॅगा भरायच्या म्हटलं तर गप्पा विमानतळावरच होतील.

नकाशेवाला, तुमचा हिशोब घरच्या ग्रुपवर टाकला. भावाने लगेच लिस्बन सोडलं. ताई अजून घरीच या म्हणतेय, पण आवाज नरम झालाय. आवडींचं काय करू?

रेवा_जोशीण
आवडी विचारताना 'समुद्र की डोंगर' असं विचारू नका. प्रत्येकाने सुट्टीतला आपल्या मनासारखा एक दिवस तासातासाने लिहून द्यायचा. आमच्या चुलत भावंडांत मी हेच करायला लावते. तुमच्याकडे बहुधा असं निघेल की सकाळी ताई एकटीच चालून येते, दुपारी मूल झोपतं, आणि पाचपासून मध्यरात्रीपर्यंत सगळ्यांनी लिहिलंय, 'एकत्र'. तसं निघालं तर शहरापेक्षा घर महत्त्वाचं. सात-आठ जण बसतील असं टेबल किंवा गच्ची, आणि निजायच्या खोल्या तिथून लांब, म्हणजे लेक झोपली तरी आवाज खाली आणावा लागणार नाही. हॉटेलच्या वेगळ्या खोल्यांत रात्री नऊला सगळे पांगतात.

इस्तंबूलच धरत असाल तर ब्युकअदा बेट बघा. फेरीने जायचं, खासगी मोटारी नाहीत, ताईला टेकडी आणि भावाला पाणी. ऑक्टोबरात पोहायला मात्र पाणी गार असेल, भावाला आधीच सांगून ठेवा.

नकाशेवाला
घराबद्दल पूर्ण सहमत, बेटाबद्दल नाही. दहा-अकरा तास उडून आल्यावर विमानतळ ते धक्का, मग फेरी, यात आणखी तीन तास तरी जातील. आत्ताच जो आकडा कमी केला तो पुन्हा वाढेल. शहरात राहा, बेटावर एक दिवस जा.

आणखी एक, व्हिसा. काही पासपोर्टांना तुर्कीचा ई-व्हिसा तेव्हाच मिळतो, जेव्हा हातात शेंगेन, ब्रिटन, अमेरिका किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना असतो. सिंगापूरचा परवाना त्यात चालत नाही. भावाचं बघा, तिकिटं काढण्याआधी.

रेवा_जोशीण
लहान मूल सोबत आहे म्हणून तर बेट म्हणाले, गाड्यांची धास्ती नाही. तीन तास जास्त गेले तरी पुढचे सहा दिवस निवांत. माझं मत कायम.

मृण्मयी_ट
भावाकडे ब्रिटनचा व्हिसा आहे, मागच्या वेळी ताईकडे गेला होता तेव्हाचा. पण मुदत नेमकी ऑक्टोबरच्या शेवटी संपते, म्हणून आता तारखा पुढे ढकलता येणार नाहीत. ताईने आज दिवस लिहून पाठवला. त्यात सगळ्यात वर, 'कुणीही मला चहा करायला सांगणार नाही.' म्हणजे लंडन सुटलं!

राहिला प्रश्न पैशांचा. मी म्हणतेय, तिघांची तिकिटं एकत्र करून समान वाटू, घराचं भाडंही. भाऊ ऐकत नाही, 'माझं तिकीट माझं' म्हणतो. तो धाकटा, आत्ताच नोकरीला लागलेला, आणि त्याचंच तिकीट महाग. त्याचा मान राखून हे कसं करावं?

दूरदेशी
तिकिटाला हात लावू नका, तो घेणार नाही. घर तुम्ही आणि ताई मिळून आधीच भरून टाका आणि त्याला फक्त पत्ता पाठवा. आमच्यातही लांबून येणाऱ्याने राहण्याचे पैसे द्यायचे नाहीत असंच ठरलंय.

मृण्मयी_ट
ताईला विचारते. तो पत्ता बघून पहिला प्रश्न भाड्याचाच करणार, हे मात्र नक्की.